टोमणा आणि शिवी

मैदानावर टोमणा कोठे संपतो व शिवी कोठे सुरू होते? डिसेंबर २०१८ च्या मेलबर्न कसोटीत टिम पेनने ऋषभ पंतला आपली मुले सांभाळशील काय, असे डिवचले. पंतने उलट त्याला ‘तात्पुरता कर्णधार’ म्हटले. कोणालाही शिक्षा झाली नाही.

जानेवारी २००८ मध्ये सिडनीस हरभजनने सायमंड्सला ‘माकड’ म्हटल्याची तक्रार कर्णधार पाँटिंगने केली. पंचांनी ते ऐकलेच नव्हते. सामनाधिकाऱ्यांनी तीन कसोटींची बंदी घातली. अपिलात न्यायमूर्ती हॅन्सन यांना वंशद्वेष सिद्ध झालेला दिसला नाही. शिवीगाळीबद्दल अर्धे मानधन दंड झाला.

टोमण्याला उत्तर देता येते. जन्मावरून हिणवणाऱ्या शब्दाला काय उत्तर द्यावे? पंचाला पुरावा लागतो. आपल्या खेळाडूचा शब्द जवळून ऐकणाऱ्या कर्णधाराला मात्र तो लागत नाही. तक्रार प्रतिपक्षाची होते. रोखणे आपल्याच माणसाला असते.