मलपृष्ठावरचा पुरावा

पुस्तकाच्या आतल्या मजकुराला मुद्रितशोधनाच्या दोन-तीन फेऱ्या मिळतात. मलपृष्ठाला बहुतेक वेळा एकही नीट मिळत नाही. मुखपृष्ठ चित्रकाराकडे असतं, त्याची फाईल सगळ्यात शेवटी येते, छापखान्याची तारीख ठरलेली असते, आणि दीडशे शब्दांच्या त्या मजकुरावरून घाईघाईने नजर फिरवली जाते. दुकानात उभा असलेला वाचक पैसे देण्याआधी वाचतो तो मात्र एवढाच मजकूर. त्याच्या भरवशावर तो खिशात हात घालतो. म्हणून पाठराखण आणि लेखकपरिचय तपासताना मी ऱ्हस्व-दीर्घाच्या आधी प्रत्येक विधानाला पुरावा मागते.

मध्यंतरी गिरणगावावरच्या एका कथासंग्रहाचा मजकूर आला होता. लेखिका महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि हे त्यांचं पहिलंच पुस्तक. पाठराखणीचं पहिलं वाक्य असं: ‘मराठी कथेत प्रथमच गिरणी कामगारांचे दाहक वास्तव मांडणाऱ्या, मनाचा ठाव घेणाऱ्या या कथा वाचकांच्या पसंतीस नक्कीच उतरतील.’

यातला ‘प्रथमच’ मला सगळ्यात जास्त खुपला. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ ही गिरणी कामगारांवरची कादंबरी १९३३ सालची. ती कादंबरी आहे, आपण कथेबद्दल बोलतोय, असं कुणी म्हणेल. मग जयंत पवारांचं काय? ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हा त्यांचा कथासंग्रह, आणि त्याला २०१२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळालेला आहे. ‘प्रथमच’ लिहिणाऱ्याला कुणाचा अपमान करायचा नसतो हे मी जाणते. पण त्या एका शब्दाने आधी लिहून गेलेल्यांची नावं पुसली जातात, आणि ज्यांनी ते वाचलेलं नाही अशा नव्या वाचकाला ती पुसली गेल्याचं कळतसुद्धा नाही.

‘मनाचा ठाव घेणाऱ्या’ आणि ‘पसंतीस नक्कीच उतरतील’ यांची तपासणी सोपी आहे. वाक्यात दुसऱ्या एखाद्या पुस्तकाचं नाव घालून पाहायचं. ते तितकंच चपखल बसलं, तर वाक्य या पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय वाचकाला काय आवडेल हे त्याच्या वतीने आपण कसं ठरवणार?

काट मारून भागत नाही, तिथे काय लिहायचं तेही सुचवावं लागतं, आणि त्यासाठी पुस्तक वाचावं लागतं. वाचल्यावर दिसलं की अकरापैकी सात कथा खानावळी चालवणाऱ्या बायकांच्या आहेत. घरच्यांना गावी ठेवून मुंबईत एकटे राहणारे कामगार त्यांच्याकडे महिन्याच्या बोलीने जेवत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पगार थांबले, माणसं गावाकडे परतली आणि जेवणाचे पैसे वहीतच राहिले. एका कथेतली बाई ती वही चुलीत घालायला काढते आणि पुन्हा फळीवर ठेवते. इतकं खास काही हाताशी असताना पाठराखणीत ‘दाहक वास्तव’ कशाला लिहायचं? मी लिहून दिलं: ‘या संग्रहातल्या अकरापैकी सात कथा १९८२ च्या संपानंतर गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायकांच्या आहेत.’ दावा लहान झाला, पण पुस्तक उघडून कुणालाही तो पडताळता येतो.

लेखिकेच्या परिचयात ‘अनेक राज्यस्तरीय पुरस्कारांनी सन्मानित’ असं होतं. कोणता पुरस्कार, कोणत्या साली, कशासाठी, हे तीन प्रश्न मी फोनवर विचारले. एका दिवाळी अंकाच्या कथास्पर्धेतलं दुसरं बक्षीस, एवढं निघालं. बाई संकोचून म्हणाल्या, ‘ते अनेक वगैरे मी नव्हतं हो लिहिलं.’ बहुधा खरंच असावं. असे शब्द प्रकाशकाच्या टेबलावर आपोआप वाढतात. मी दिवाळी अंकाचं नाव, साल आणि बक्षिसाचा क्रमांक घातला. दुसरं बक्षीस सांगण्यात काही कमीपणा नाही.

पुरस्काराच्या बाबतीत तर मोठ्या लेखकांच्या परिचयातही गोंधळ असतो. भालचंद्र नेमाडे यांना ‘कोसला’साठी साहित्य अकादेमी मिळाल्याचं लोक सहज लिहून जातात. तो १९९० चा पुरस्कार ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथाला आहे. अकादेमीचा हा वार्षिक पुरस्कार पुस्तकाला मिळतो, म्हणून पुस्तकाचं नाव घातल्याशिवाय ते वाक्य पुरं होत नाही.

नावांची तपासणी वेगळी करावी लागते, कारण तिथे शुद्धलेखनाचा नियम उपयोगी पडत नाही. ‘अरुण’मधला ‘रु’ नियमाने ऱ्हस्व, पण एखादे गृहस्थ सही करताना ‘अरूण’ लिहीत असतील तर त्यांच्या परिचयात तेच राहायला हवं. नाव ज्याचं, त्यालाच विचारायचं. आणि मुखपृष्ठ, कणा, शीर्षकपान, श्रेयपान, मलपृष्ठ अशा पाचही जागी ते एकसारखं आहे का, हे बोट ठेवून पाहायचं. या परिचयात ‘अन्नपूर्णा महिला मंडळाच्या प्रेमा पुराव’ असा उल्लेख होता. खानावळवाल्या बायकांची संघटना १९७५ मध्ये उभी करणाऱ्या त्या प्रेमाताई पुरव. कुणीतरी त्यांचं नाव इंग्रजीत पाहून पुन्हा मराठीत आणलं होतं. कवी अरुण कोलटकरांचं ‘कोल्हटकर’ होतं ते मात्र कानाच्या सवयीने. ही चूक संगणकाच्या तपासनिसाला सापडत नाही, कारण दोन्ही आडनावं खरी आहेत.

काळाची गडबड एकाच वाक्यात भरून होती: ‘निवृत्त झाल्या असून मुलांना घडवत आहेत व सध्या कादंबरीलेखनात व्यग्र होत्या.’ पुस्तकात जे घडतं ते वर्तमानकाळात, आयुष्यात जे होऊन गेलं ते भूतकाळात, एवढं धरून ठेवलं की बरंच सुटतं. ‘सध्या’ हा शब्द मी शक्यतो ठेवत नाही. ग्रंथालयाच्या कपाटात पुस्तक तीस वर्षं राहतं, तेव्हा ते ‘सध्या’ कुठलं? त्याऐवजी निवृत्तीचं साल दिलं. न लिहिलेल्या कादंबरीचा उल्लेख काढला.

सगळ्यात अवघड गेला तो तळाशी अवतरणात छापायचा अभिप्राय. एका ज्येष्ठ लेखकाचा: ‘कथा फार चांगल्या उतरल्या आहेत.’ मी मूळ पत्र मागवलं. त्यात होतं: ‘खानावळीच्या कथा फार चांगल्या उतरल्या आहेत. बाकीच्या चारांवर अजून काम करा.’ छापायच्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पहिला शब्द आणि पुढचं वाक्य तेवढं गेलं होतं. शिवाय हे पत्र खासगी, लेखिकेने पुढचं लिहिताना सुधारावं म्हणून लिहिलेलं. अमेरिकेत १८५६ मध्ये वॉल्ट व्हिटमनने एमर्सनच्या खासगी पत्रातली स्तुती न विचारता आपल्या कवितासंग्रहाच्या कण्यावर छापली होती. तिथेही वाक्य अर्ध्यावर कापलेलं होतं.

प्रकाशकांचं म्हणणं, पहिल्या पुस्तकाला मोठ्या नावाचा आधार लागतो, नाहीतर विक्रेता ते मागेच ठेवतो. अडचण खरी आहे. पण जो वाचक त्या नावावर विसंबून पुस्तक घेईल, तो त्या लेखकाने न दिलेल्या शब्दावर विसंबलेला असेल. शेवटी लेखिकेनेच ज्येष्ठांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, खानावळीच्या कथांबद्दलचं वाक्य तेवढं छापा, पण ‘खानावळीच्या’ हा शब्द गाळू नका. मलपृष्ठावर तसंच छापलं आहे.