कार्डांनी संसाराचा निकाल द्यावा का?

 

आपल्या गटात टॅरो कार्डं बघणाऱ्या चार-पाच जणी आहेत, आणि त्यांच्याकडे जाणारे तर बरेच. म्हणून हा विषय आज इथे मांडतो आहोत. आम्ही दोघी नणंद-भावजय बडोद्यात बरीच वर्षं कार्डं बघतो. नोकरी, घर, परीक्षा असे प्रश्न येतातच, पण एक प्रश्न आला की आम्ही अजूनही एकमेकींकडे बघतो. "ताई, कार्डं काढा आणि सांगा, नवऱ्याला सोडू की नको?"

सुरुवातीला आम्ही याचं उत्तर द्यायचो. एका बाईंना टॉवरचं कार्ड आलं. वीज पडलेला मनोरा, वरून खाली कोसळणारी माणसं. आम्ही म्हणालो, हे घर काही टिकत नाही. दीड वर्षाने त्या परत आल्या. माहेरी भावाच्या घरात एका खोलीत राहत होत्या. भांडायला नव्हत्या आल्या. शांतपणे एवढंच म्हणाल्या, "मी नव्हतं ठरवलं. तुम्ही सांगितलंत." त्यांचं निघणं चूक होतं की बरोबर, हे आम्हाला आजही माहीत नाही. पण अडचणीच्या दिवसांत पाय रोवायला स्वतःचा निर्णय लागतो, आणि तोच त्यांच्याजवळ नव्हता. तो आम्ही काढून घेतला होता.

आता आम्ही कार्डं पिसण्याआधी एक गोष्ट विचारतो: घरात मारहाण होते का, जिवाची भीती वाटते का? सोबत कोणी आलेलं असेल तर त्यांना बाहेर बसवून विचारतो. हो म्हणाली, की डेक पुन्हा डब्यात. तिथे कार्डाला विचारण्यासारखं काही नाही. चुकून एखादं गोड कार्ड निघालं, तर ती त्याच घरात परत जाईल. तिला १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर देतो, जीव धोक्यात असेल तर ११२. तिला चालत असेल तर आमच्यासमोरच फोन लावतो. त्या दिवशी पैसे घेत नाही.

तसं काही नसेल तर प्रश्न बदलून घेतो. "सोडू की नको" यावर कार्डं काढली की खरं उत्तर कार्ड देत नाही, बघणारी देते. याचा अनुभव मागच्या वर्षी एका बाईंसोबत आला. वय चाळिशीच्या आत, एक मुलगी, नवरा बदलीच्या गावी. आठ कपांचं कार्ड निघालं. चित्रात रचून ठेवलेले कप आहेत, मध्ये एक जागा रिकामी, आणि चंद्राखाली एक माणूस काठी घेऊन डोंगराकडे चाललाय. त्याची पाठ दिसते. बाई लगेच म्हणाल्या, "म्हणजे निघायचं ना?" आमच्यातली एक मनात हो म्हणत होती, कारण तिचा स्वतःचा संसार कष्टाचा झाला. दुसरी मनात नाही म्हणत होती. कार्ड तेच!

आम्ही बोललो नाही. विचारलं, "ही पाठ कोणाची वाटते?"

बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "यांची. हे कधीच गेलेत."

तिथून खरं बोलणं सुरू झालं. नवऱ्याला त्यांनी हे कधी सरळ विचारलंच नव्हतं. स्वतःच्या नावाचं बँकखातं नव्हतं. मुलीच्या शाळेची फी कोण भरणार, याचा विचार केला नव्हता. पुढची दोन कार्डं आम्ही या प्रश्नांवर काढली: त्यांना काय विचारायचं राहिलंय, आणि ठरवण्याआधी हातात काय असायला हवं? कायद्याचं आम्ही बोललो नाही, तो वकिलाचा प्रांत.

निघताना त्या म्हणाल्या, "एकदाच अजून काढा ना, हो-नाही तेवढं." इथे बघणारीची परीक्षा असते, कारण समोरची रडवेली असते आणि आपल्यालाही शहाणं दिसायला आवडतं. पुन्हा काढलं की मनासारखं येईपर्यंत काढत राहतात, मग दुसऱ्या बाईकडे जातात, मग तिसऱ्या. आम्ही नाही म्हणालो. याच प्रश्नासाठी तीन महिने येऊ नका, असंही सांगितलं. थोड्या रागावल्या.

आणि हो, मुलीच्या संसाराबद्दल आई विचारायला येते, सुनेबद्दल सासू येते. त्यांना आम्ही चहा देतो, कार्डं काढत नाही. जिचा संसार आहे तिने यावं.

त्या बाई नंतर आल्या, सहा महिन्यांनी, मुलीच्या दहावीचं विचारायला. नवऱ्याचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. फी मात्र या वेळी गूगल पेवरून दिली, स्वतःच्या खात्यातून.