दोन ‘आहे’

सकाळी सहाच्या सुमारास चहा घेऊन बसते, तेव्हा समोर बहुधा नवशिक्यांच्या वह्या असतात. स्पॅनिशचा वर्ग संध्याकाळचा, तपासणी सकाळची. या आठवड्यात सगळ्यांना एकच काम दिलं होतं : मेक्सिकोची चित्रकार फ्रिदा काहलो हिचं एक स्वचित्र बघायचं आणि तिच्याबद्दल, तिच्या घराबद्दल दहा सोपी वाक्यं लिहायची. पहिल्याच वहीत पहिलं वाक्य आलं, ‘फ्रिदा एस सेरिया.’ फ्रिदा गंभीर आहे. व्याकरणाच्या दृष्टीने यात काही चुकलेलं नाही. तरी पेन्सिल तिथेच थांबली.

चित्र १९४० सालचं. फ्रिदा आपल्याकडे थेट बघते आहे. काळे केस वर बांधलेले, भुवया मधोमध जुळलेल्या, गळ्यात काट्यांची माळ आणि त्या माळेला लटकलेला एक निष्प्राण गुंजनपक्षी. खांद्यांच्या मागे एक माकड आणि एक काळं मांजर. रूपाची वाक्यं मुलांनी छान लिहिली होती. ‘तिएने एल पेलो नेग्रो’, म्हणजे तिचे केस काळे आहेत. शब्दशः मात्र ‘तिच्याकडे काळे केस आहेत’. डोळे, केस, नाक, भुवया यांच्यासाठी स्पॅनिश माणूस सहसा ‘तिएने’ वापरतो, आणि ‘तिचे’ हा शब्द गाळतो. ज्याचं शरीर त्याचेच केस, वेगळं सांगायला कशाला हवं? ‘तिएने लास सेखास खुन्तास’, भुवया जुळलेल्या. अंगावरच्या वस्तूंसाठी ‘येबा’. ‘येबा उन कोयार दे एस्पिनास’, गळ्यात काट्यांची माळ आहे. विशेषण नामाप्रमाणे बदलतं, हे मराठी मुलांना समजावून सांगावं लागत नाही. काळा, काळी, काळ्या म्हणणारी जीभ नेग्रो, नेग्रा, नेग्रास आपोआप म्हणते. आपल्याकडे जसं ‘शांत’ किंवा ‘लाल’ लिंगाप्रमाणे बदलत नाही, तसंच तिथे ‘फुएर्ते’ (कणखर), ‘आलेग्रे’ (आनंदी), ‘आसुल’ (निळा) बदलत नाहीत; फक्त अनेकवचनात शेवटी स येतो.

अडचण येते ती ‘आहे’पाशी. मराठीत एक ‘आहे’ सगळं निभावून नेतो. स्पॅनिशमध्ये दोन आहेत, ‘एस’ आणि ‘एस्ता’. (‘एस्ता’ म्हणताना जोर ‘ता’वर द्यायचा, पहिल्या अक्षरावर दिला तर त्याचा अर्थ ‘ही’ होतो.) एस हा आपल्या संस्कृत ‘अस्ति’चा दूरचा भाऊबंद. एस्ता ज्या लॅटिन क्रियापदातून आला त्याचा मूळ अर्थ उभं असणं, आणि त्याचं नातं आपल्या ‘स्था’ धातूशी आहे. एक क्रियापद म्हणतं, ही अशी आहे. दुसरं म्हणतं, ही आत्ता या अवस्थेत उभी आहे.

म्हणून ‘फ्रिदा एस सेरिया’ म्हटलं की तो तिच्या स्वभावाचा निवाडा होतो : ही गंभीर प्रकृतीची बाई. ‘फ्रिदा एस्ता सेरिया’ म्हटलं की फक्त इतकंच, की या चित्रात तिचा चेहरा गंभीर दिसतो आहे. ज्यांनी तिला पाहिलं होतं त्यांच्या आठवणींतली फ्रिदा मोठ्याने हसणारी, गाणारी, चेष्टामस्करी करणारी आहे. तिच्यासाठी ‘एस आलेग्रे’ शोभतं. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी : एस आलेग्रे, पेरो एस्ता सेरिया. आनंदी स्वभावाची, पण इथे गंभीर. मला स्पॅनिशमधली ही सोय फार आवडते. पाच शब्दांत एक माणूस आणि त्याचा एक क्षण, दोन्ही बसतात.

हा फरक शिकवताना पुस्तकं सहसा एक नियम देतात : कायमचं असेल तर एस, तात्पुरतं असेल तर एस्ता. कित्येक वर्षं मीही तोच सांगत असे. मग वर्गात दर वेळी कुणीतरी विचारायचं, ‘फ्रिदा आज हयात नाही, हे कसं म्हणायचं?’ स्पॅनिशमध्ये ‘एस्ता मुएर्ता’. मृत्यूइतकं कायमचं दुसरं काय असणार? तरी एस्ता. आणि तिचं घर मेक्सिको शहरात आहे, ‘ला कासा एस्ता एन मेक्सिको’. इमारत काही उठून चालू लागत नाही, तरी एस्ता. नियम दोन्हीकडे कोसळतो, आणि शिकणारा गोंधळतो.

एका सकाळी वह्या तपासताना माझ्या ध्यानात आलं की या प्रश्नाचं उत्तर मराठीतच पडून आहे. आपण ‘ती दमलेली आहे’, ‘बसलेली आहे’, ‘दार उघडलेलं आहे’, ‘कप फुटलेला आहे’ असं म्हणतो. काहीतरी घडून गेलं, आणि त्याची अवस्था उरली. हे ‘-लेला’ रूप जिथे सहज बसतं तिथे स्पॅनिश बहुतेक वेळा एस्ता घेतं. दमलेली, एस्ता कान्सादा. बसलेली, एस्ता सेन्तादा. मेलेली, एस्ता मुएर्ता. लग्न झालेली, एस्ता कासादा. कायमचं की तात्पुरतं, हा प्रश्नच उरत नाही. आणि जिथे ‘-लेला’ बसत नाही, तिथे ‘झालाय’ किंवा ‘दिसतोय’ लावून पाहावं. ‘दिएगो एस गोर्दो’ म्हणजे दिएगो अंगानेच स्थूल आहे. फ्रिदाचा नवरा, भित्तिचित्रकार दिएगो रिवेरा, खरंच तसा होता. ‘दिएगो एस्ता गोर्दो’ म्हणजे दिएगो जाड झालाय. हे त्याला बऱ्याच दिवसांनी भेटलेला माणूस म्हणेल.

ही खूण हाताशी ठेवताना एक खबरदारी घ्यावी लागते. काही शब्द दिसतात ‘-लेला’सारखे, पण भाषेत स्वभावाचे गुण होऊन बसले आहेत. ‘एदुकादा’चं भाषांतर मुलं ‘शिकलेली’ असं करतात आणि एस्ता लावतात. त्याचा रोजचा अर्थ मात्र ‘रीतभात असलेली’ असा आहे, म्हणून ‘एस एदुकादा’. ‘कायादा’ही तसाच. अबोल स्वभावाची असेल तर ‘एस कायादा’, आज गप्प बसलेली असेल तर ‘एस्ता कायादा’. सगळ्यात जपायचा शब्द ‘आबुर्रिदा’. कंटाळलेली म्हणायचं असेल तर ‘एस्ता आबुर्रिदा’. चुकून एस लागला, तर ती स्वतः कंटाळवाणी ठरते. पाहुण्यांसमोर यजमानीण बाईंबद्दल हे वाक्य गेलं, तर दुखावलेला चेहरा बघूनच चूक कळते.

आता घर. फ्रिदाचं घर सगळं जग ‘ला कासा आसुल’, निळं घर, म्हणूनच ओळखतं. कोयोआकान भागात, लोन्द्रेस नावाच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. १९०७ साली ती जन्मली आणि १९५४ साली याच घरात वारली. १९५८पासून ते संग्रहालय आहे. दोन्ही ‘आहे’ याच घरावर तोलून पाहता येतात. ‘ला कासा एस आसुल’, घर निळं आहे, ही त्याची ओळख. ‘एस्ता पिन्तादा दे आसुल’, निळ्या रंगाने रंगवलेलं आहे. पुन्हा आपलं ‘-लेलं’. ‘एस्ता एन कोयोआकान’, कोयोआकानमध्ये आहे. ठिकाण सांगायचं तर एस्ताच.

घराच्या आत गेलं की तिसरा एक ‘आहे’ भेटतो. लिहिताना त्याच्या आधी एक अक्षर असतं, पण ते उच्चारत नाहीत, म्हणून ऐकू येतो फक्त ‘आय’. त्याचं काम एखादी वस्तू पहिल्यांदा नजरेस आणून देण्याचं. फ्रिदाच्या पलंगाच्या छताला आतून एक आरसा लावलेला आहे. १९२५ साली, अठराव्या वर्षी, बसच्या अपघातात तिचं शरीर मोडलं. ती अंथरुणाला खिळली, आणि आरशात दिसणारा स्वतःचाच चेहरा रंगवू लागली. आता हा आरसा सांगून पाहू. ‘सोब्रे ला कामा आय उन एस्पेखो’ म्हणजे पलंगाच्या वर एक आरसा आहे. ‘एल एस्पेखो एस्ता सोब्रे ला कामा’ म्हणजे आरसा पलंगाच्या वर आहे. मराठी वाक्यं नीट ऐका. पहिल्यात जागा आधी आली, आरसा नंतर, आणि त्याला ‘एक’ चिकटला. दुसऱ्यात आरसा आधी आला, कारण तो आता ओळखीचा झाला. आपण जे शब्दांच्या क्रमाने करतो ते स्पॅनिश क्रियापद बदलून करतं. तेव्हा मनात ‘अमुक ठिकाणी एक अमुक आहे’ असं वाक्य उमटलं तर आय, ‘ते अमुक तिथे आहे’ असं उमटलं तर एस्ता. आणि वस्तू कितीही असल्या तरी आय तसाच राहतो : आय उना बेन्ताना, एक खिडकी, आय दोस बेन्तानास, दोन खिडक्या. आपलं ‘आहे’चं ‘आहेत’ होतं, म्हणून मुलं आयचंही अनेकवचन शोधत बसतात.

स्वयंपाकघरात भिंतीवर अगदी लहान मातीची भांडी लावून फ्रिदा आणि दिएगो ही नावं लिहिलेली आहेत. जमीन पिवळी. ‘एल पिसो एस आमारियो’, असं एका मुलाने लिहिलं होतं, आणि मेक्सिकोसाठी ते अचूक आहे. हेच वाक्य स्पेनमध्ये म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की सगळा फ्लॅटच पिवळा आहे, कारण तिथे ‘पिसो’ म्हणजे इमारतीतलं राहतं घर. झोपायच्या खोलीचंही असंच. मेक्सिकोत ‘रेकामारा’, स्पेनमध्ये ‘दोर्मितोरियो’. नवशिक्यांना मी सांगते, ज्या देशातलं घर सांगताय त्या देशातला शब्द घ्या.

चहा केव्हाच निवला आहे. पहिली वही अजून उघडीच आहे. ‘फ्रिदा एस सेरिया’ हे वाक्य मी खोडलेलं नाही. बाजूच्या समासात लिहिलं, ‘हे तू तिच्या स्वभावाबद्दल म्हणतेस, की या चित्राबद्दल?’ आणि पुढची वही ओढली.