पुसावे, पण किती?

दुसऱ्याचा दोष काढताना दुसऱ्याला किती खरवडायचं, हा प्रश्न नीतिशास्त्रात जुना आहे. पण ज्यांच्या घरी अडीच वर्षांचा नातू आणि बारा खडूंची पेटी एकाच वेळी नांदतात, त्यांना तो रोज संध्याकाळी भिंतीवर लिहिलेला दिसतो.

आमच्या दिवाणखान्याच्या साय रंगाच्या भिंतीवर निळ्या मेणखडूनं काढलेला एक वाटोळा गरगरा होता. त्याला दोन काड्या. "हे आबा," असं चित्रकारानं स्वतःच जाहीर केलं. आमची ही म्हणाली, "राहू दे हो, साम्य आहे." सूनबाई म्हणाली, "बाबा, घर भाड्याचं आहे." एकीकडे कला, दुसरीकडे डिपॉझिट. आता ज्याचं चित्र त्यानंच ते पुसावं, यापेक्षा निःपक्षपाती न्याय कोणता?

मेणखडू म्हणजे मेणात कालवलेला रंग. मेणाला पाण्याशी कर्तव्य नाही. नुसतं ओलं फडकं फिरवाल तर हात दुखेल आणि आबा तसेच राहतील. मात्र हे मेण बहुतेक वरवर बसलेलं असतं. म्हणजे जोर लावून जिंकायचं नाही, पकड सोडवायची. भिंत चोर नाही. चोर तिच्या अंगावर बसला आहे, एवढं ध्यानात ठेवलं की निम्मं काम झालं.

आधी भिंतीची जात ओळखावी. (ही एकच जात विचारलेली चालते.) सोफ्यामागे, कुणाला दिसणार नाही तिथं, ओलं पांढरं फडकं हलकेच फिरवावं. फडक्याला भुकटी लागली तर भिंत चुन्याची किंवा साध्या डिस्टेंपरची. तिला धुणं सोसत नाही. फडकं कोरं राहिलं तर बहुधा प्लास्टिक पेंट, ती थोडं ऐकून घेते. आमची दुसरी निघाली.

मग केस वाळवायचं यंत्र वीतभर दूर धरून मंद आचेवर रेघेवरून हलतं ठेवलं. एका जागी थांबलं की मेणाबरोबर भिंतीचा रंगही मऊ पडतो. रेघ चकाकली की मेण सुटलं असं समजावं आणि मऊ फडक्यानं टिपून घ्यावं. टिपावं, पुसू नये. पुसलं की आबा जाडे होतात. दर टिपणीला फडक्याची नवी घडी, नाहीतर काढलेला निळा आपणच परत लावतो. पुढे कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून, पिळलेल्या फडक्यानं, खालून वर. वरून खाली गेलं तर ओघळांच्या रेघा उरतात. तरीही राहिलेल्या छटेला ओल्या फडक्यावर चिमूटभर खायचा सोडा, आणि बोटांचा भार गालाला पावडर लावण्याइतका. शेवटी साधं पाणी, मग कोरडं फडकं.

सगळा वेळ नजर भिंतीवर नव्हे, फडक्यावर. फडक्यावर निळा येतोय तोवर आपण डाग काढतो आहोत. साय रंग दिसला की आपण भिंत काढतो आहोत. तिथं हात थांबला पाहिजे, आणि नेमका तिथंच तो थांबत नाही. कारण डाग तर अजून थोडा दिसतोय आणि आपली बाजू न्यायाची!

न्यायाच्या बाजूची माणसं फार खरवडतात. शेजारचे एक गृहस्थ थिनर घेऊन धावले. डाग पसरला आणि रंगही सुटला. दुसऱ्या घरी जादूचा म्हणून मिळणारा पांढरा स्पंज जोरात घासला. तो असतो अतिबारीक पॉलिशकागदाचा मवाळ भाऊ. मंद रंगाच्या भिंतीवर डाग गेला, पण तिथं तुळतुळीत चट्टा पडला. दिवे लागले की तिरक्या उजेडात पाहुण्यांना तोच आधी दिसतो. वरून रंगाचा हात मारावा तर मेणावर पाण्याचा रंग धरत नाही, निळा पुन्हा डोकावतो. आधी मेण काढून, तेलाच्या प्रायमरचा थर देऊन, मग अख्खी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवावी लागते. जुन्या रंगात नवं ठिगळ लपत नाही.

आमच्या आबांपैकी गरगरा गेला, एक काडी उरली, अगदी फिकट. फडक्यावर साय रंगाची शंका आली आणि मी हात आवरला. सूनबाईनं पाहिलं, म्हणाली, "पुरे, बाबा." चित्रकार शेजारी उभा होता. त्याला कुणी रागावलं नाही. जुन्या कॅलेंडरची पाठ दारामागे त्याच्या उंचीला चिकटवून "आबा इथं" एवढंच सांगितलं. मुलांच्या बाबतीतही फडक्याकडे लक्ष ठेवावं लागतं: डोळ्यांत पाणी आलं की खोड नव्हे, मूल निघायला लागलेलं असतं.

उरलेल्या काडीचं म्हणाल, तर डिपॉझिटमधून तेवढी कापून घ्यायला घरमालक मोकळे आहेत. भिंत मात्र शाबूत आहे.