हाडातली रेघ आणि कायद्यातले वय

इंग्लंडमध्ये 1833 साली कापड गिरण्यांचा कायदा झाला. नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचे नाही, असे त्यात ठरले. पण देशव्यापी जन्मनोंदणी तोवर सुरू झालेली नव्हती. मूल नऊ वर्षांचे आहे की नाही हे कोणी आणि कशावरून सांगायचे? डॉक्टर मुलाची अंगलट आणि ताकद पाहून दाखला देत. एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने 1837 मध्ये एक पुस्तिका लिहून सुचवले की उंचीपेक्षा दात पाहा, ते कमी फसवतात. शरीराकडे जन्मदाखला म्हणून पाहण्याची कायद्याची सवय इथे स्पष्ट दिसते. मुंबईच्या गिरण्यांना लागू झालेल्या 1881 च्या कायद्यातही सात आणि बारा या वयांच्या रेषा होत्या, आणि जन्माचा कागद नसलेल्या मुलाच्या बाबतीत पुन्हा तोच प्रश्न उभा राहत होता.

1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि दातांच्या जोडीला हाडे आली. वाढत्या वयात लांब हाडाचे टोक मधल्या दांड्यापासून वेगळे असते. दोघांमध्ये कूर्चेची चकती असते. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, म्हणून तिथे काळी रेघ दिसते. वाढ पुरी होत आली की ही चकती हाडात रूपांतरित होते, टोक दांड्याला जुळते आणि रेघ पुसली जाते. सगळ्या सांध्यांत हे एकदम होत नाही. कोपर आधी जुळते, मनगट त्यानंतर, कमरेच्या हाडाची वरची कड आणखी उशिरा, आणि गळ्याखालच्या आडव्या हाडाचे छातीकडचे टोक सर्वांत शेवटी. मुलींमध्ये प्रत्येक टप्पा मुलांपेक्षा साधारण वर्ष-दोन वर्षे आधी येतो. भारतीयांच्या बाबतीत गॅल्स्टॉन यांचा 1937 चा अभ्यास प्रमाण मानला गेला. तो बंगालमधला होता. पुढे न्यायवैद्यकाच्या आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याची कोष्टके उतरली आणि डॉक्टरांच्या पिढ्या ती पाठ करत आल्या.

माझ्या मते घसरण इथे झाली. मुळातल्या अभ्यासात अनेक मुलांची निरीक्षणे असतात. कोणाचे मनगट लवकर जुळते, कोणाचे उशिरा. कोष्टकात उतरताना त्याचा एक आकडा होतो आणि दाखल्यात ‘वय सुमारे 18 वर्षे’ असे लिहिले जाते. त्या ‘सुमारे’ला मग न्यायालयात कोणी विचारत नाही. 1982 मध्ये मात्र जयामाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की क्ष-किरण तपासणीने ठरवलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षांची चूक असू शकते. हे पाऊल महत्त्वाचे होते, कारण एका आकड्याच्या जागी कायद्याने पट्टा स्वीकारला.

एक नमुना प्रकरण घेऊ. मारामारीत सापडलेल्या मुलाला पोलीस रुग्णालयात आणतात. तो म्हणतो वय सतरा, फिर्यादी म्हणतात एकोणीस. शाळेचा दाखला नाही, नगरपालिकेची नोंद नाही. बालन्याय कायदा, 2015 च्या कलम 94 नुसार हे दोन्ही कागद नसतील तेव्हाच हाडांची चाचणी होते. डॉक्टर आधी ओळखीच्या खुणा, उंची, वजन, दात यांची नोंद करतो आणि मग एक्स-रे पाहतो. कोपराची सगळी टोके जुळलेली. मनगटात अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे टोक जुळत आलेले, पण कडेला रेघेचा तुकडा उरलेला. कमरेच्या हाडाची कड दिसू लागलेली, पण सुटी. कोपरावरून मुलगा सोळाच्या आसपास किंवा पुढे, मनगटावरून अजून एकोणिसाच्या पलीकडे नसावा. प्रामाणिक मत इतकेच निघते : ‘सोळा ते एकोणीस, अठरा पूर्ण झाली की नाही हे या तपासणीतून सांगता येत नाही.’ हे मत लिहायला धैर्य लागते, कारण विचारलेला प्रश्न नेमका तोच असतो.

त्यातही हा मुलगा कुपोषित असेल तर त्याची हाडे मागे राहिलेली असतात. एकोणीस वर्षांचा मुलगा सतराचा वाटू शकतो, आणि उत्तम खाऊन वाढलेला सोळाचा अठराचा. जर्मनीतील श्मेलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हाडांच्या वेगावर वंशापेक्षा आर्थिक-सामाजिक स्थितीचा परिणाम मोठा असतो. म्हणून कोष्टक कोणत्या लोकांवरून आले, हे दाखल्यात लिहिलेच पाहिजे. याच संशोधकांनी 2004 मध्ये गळ्याखालच्या हाडाचे टप्पे ठरवले. ते टोक पूर्ण जुळलेले, पण जुळणीचा वण अजून दिसतो, हा चौथा टप्पा त्यांच्या अभ्यासात मुलींत विसाच्या आधी आणि मुलांत एकविसाच्या आधी आढळला नाही. ‘सरासरी वय किती’ यापेक्षा ‘यापेक्षा कमी नक्की नाही’ असे सांगणे जास्त भक्कम असते. छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये मात्र ते टोक फासळ्या आणि मणक्यांच्या सावलीत हरवते.

आता कायद्याची बाजू. 2007 च्या बालन्याय नियमांत बालकाला कमी बाजूने एक वर्षाचा लाभ देण्याची मुभा होती. म्हणजे आरोपी मुलाचे वय खाली ओढले जात होते. उलट, पॉक्सोच्या प्रकरणांत दिल्ली उच्च न्यायालयाने 2024 मध्ये म्हटले की पीडितेच्या वयाच्या पट्ट्याची वरची मर्यादा घ्यावी आणि त्यावर आणखी दोन वर्षे मिळवावीत. हाडांवरून सोळा ते अठरा आलेली मुलगी त्यामुळे विसाची धरली जाऊ शकते. संशयाचा फायदा आरोपीला, हे तत्त्व मला मान्य आहे. पण सोळा ते अठरा हा पट्टाच मुळी अनिश्चिततेतून आलेला असतो. त्यावर पुन्हा दोन वर्षे चढवली तर तीच अनिश्चितता दोनदा मोजली जाते. संशय कोणाच्या पारड्यात टाकायचा हे न्यायालयाने जरूर ठरवावे. तो किती मोठा आहे हे मात्र डॉक्टरने एकदाच आणि आधारासह सांगायला हवे.

हीच रेघ दुसऱ्या कागदावरही घोटाळा करते, तो म्हणजे दुखापतीचा दाखला. चौदा वर्षांच्या मुलाच्या कोपरावर काठी बसते. आतल्या बाजूला सूज, चार सेंमी लांब खरचटण, आणि एक्स-रेमध्ये आतल्या उंचवट्यापाशी काळी रेघ. ‘फ्रॅक्चर’ असे लिहिले की भारतीय न्याय संहितेत ती गंभीर दुखापत ठरते आणि शिक्षा एक वर्षाऐवजी सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. ती रेघ न जुळलेल्या टोकाचीही असू शकते. फरक ओळखायचा तर दुसऱ्या कोपराचाही एक्स-रे घ्यावा. वाढीची रेघ दोन्हीकडे असते आणि तिच्या कडा गुळगुळीत असतात. ताज्या मोडीच्या कडा टोकदार असतात, आणि नेमक्या तिथेच दाबल्यावर कळ येते. उलटा धोकाही आहे : उंचवटा उखडून सांध्यात अडकतो आणि त्याची सावली तिथल्या हाड तयार होण्याच्या दुसऱ्या केंद्राची वाटते. तो उंचवटा त्या दुसऱ्या केंद्राच्या आधी दिसू लागतो. त्यामुळे दुसरे दिसत असून पहिला जागेवर नसेल, तर तो उखडला आहे असे समजावे. तरीही शंका राहिली तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा चित्र घ्यावे. मोड असेल तर बहुधा नवे हाड दिसू लागते. तोवर दाखल्यात ‘मत राखून ठेवले आहे’ असे लिहावे, आणि दिसलेले जसेच्या तसे मापांसह नोंदवावे. वयाच्या दाखल्याबद्दलही मला हेच म्हणायचे आहे.