स्पर्शिकेचा पुरावा

दहावीच्या भूमितीत ‘भौमितिक रचना’ या प्रकरणात एक प्रश्न हमखास असतो. ३.५ सेमी त्रिज्येचे वर्तुळ काढा, त्यावर क हा बिंदू घ्या आणि वर्तुळकेंद्राचा वापर न करता क मधून स्पर्शिका काढा. मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंतच्या शाळांत पूर्वपरीक्षेचे गठ्ठे तपासायला बसलेल्या शिक्षकाची नजर या उत्तरात आधी शेवटच्या रेषेवर जाते. रेषा वर्तुळाला टेकलेली दिसली, आसपास चार कंस दिसले, की बरोबरची खूण होते. तपासण्याचा हा क्रम उलटा आहे असे माझे ठाम मत आहे. आधी कंस वाचायचे, रेषा शेवटी. कारण रेषा वर्तुळाला स्पर्श करते की नाही, हे डोळ्यांना कळतच नाही.

हे अतिशयोक्त वाटेल, म्हणून हिशेब मांडतो. क मधून जाणारी रेषा खऱ्या स्पर्शिकेपासून ४ अंशांनी कललेली आहे असे धरा. मग ती स्पर्शिका उरत नाही, वर्तुळाला आणखी एका बिंदूत छेदते. तो दुसरा बिंदू क पासून जेमतेम ५ मिमीवर येतो आणि त्या दोन बिंदूंच्या मध्ये रेषा वर्तुळाच्या आत शिरते ती फार तर ०.०९ मिमी. नीट टोक काढलेल्या पेन्सिलीची रेघसुद्धा साधारण ०.३ मिमी जाड असते. म्हणजे सगळी चूक रेघेच्या जाडीत बुडून जाते. विद्यार्थ्याला ती दिसत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही.

आता रचना पाहू. क पासून कख ही जीवा काढायची. वर्तुळावर तिच्या एका बाजूला ग हा बिंदू घ्यायचा आणि गक, गख जोडायच्या. स्पर्शिका आणि जीवा यांच्यातला कोन हा विरुद्ध वर्तुळखंडातल्या आंतरलिखित कोनाएवढा असतो, या प्रमेयावर पुढचे सगळे उभे आहे. म्हणून कोन कगख जसाच्या तसा क पाशी उचलून ठेवायचा. ग केंद्र घेऊन एक कंस काढला की तो कोनाच्या भुजांना म आणि न मध्ये छेदतो. कंपास तेवढाच उघडा ठेवून क केंद्र घेऊन कंस काढला की तो जीवेला र मध्ये छेदतो. मग कंपासमध्ये मन हे अंतर घ्यायचे आणि र वरून दुसऱ्या कंसावर स ही खूण करायची. कस ही स्पर्शिका.

तपासणाऱ्याने आपला कंपास हातात घ्यावा. टोक ग वर ठेवून म पर्यंत उघडावा आणि तसाच उचलून क वर ठेवावा. पेन्सिल र वर पडली पाहिजे. मग मन आणि रस ही अंतरे तशीच ताडून पाहावीत. या दोन तपासण्यांना अर्धा मिनिटही लागत नाही आणि रचनेचा गाभा त्यांतच आहे.

तिसरी गोष्ट मोजायची नसते, पाहायची असते. स ही खूण जीवेच्या कोणत्या बाजूला आहे? ती ग च्या विरुद्ध बाजूला हवी. घाईत मुले ती ग च्याच बाजूला करतात. एरवी ही चूक लगेच उघडी पडते, कारण रेषा सरळ वर्तुळात घुसते. पण मुलांना जीवा लांबलचक, जवळजवळ व्यासाएवढी काढायची सवय असते आणि तिथे खरा घोटाळा होतो. समजा कोन कगख ८८ अंशांचा आला. स चुकीच्या बाजूला घेतला तर रेषा जीवेशी त्या बाजूला ८८ अंश करते, करायला हवे होते ९२. फरक ४ अंशांचा, म्हणजे वर दाखवलेला, रेघेत बुडणारा. जीवा नेमकी व्यास असेल तर कोन ९० अंशांचा होतो आणि दोन्ही बाजू सारख्याच ठरतात. विद्यार्थ्याला प्रमेय कळले नसले तरी आकृती निर्दोष येते. हे समजण्याचा एकच मार्ग आहे, स कुठे आहे ते पाहणे. याच कारणासाठी वर्गात जीवा मुद्दाम आखूड काढायला सांगावी, कोन ५०-६० अंशांच्या आसपास येईल अशी. मग चूक लपत नाही.

पुस्तकी भाषेत कंस ‘सोयीस्कर त्रिज्येने’ काढायचा असतो. या सोयीचा अर्थ कोणी सांगत नाही, म्हणून मुले इवलासा कंस काढतात. कंपासचे टोक सरकणे, पेन्सिल बोथट असणे यांतून अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. १ सेमी त्रिज्येच्या कंसावर त्याचा अर्थ जवळजवळ ३ अंश. ४ सेमी त्रिज्येच्या कंसावर तोच अर्धा मिलिमीटर पाऊण अंशाहूनही कमी. तेव्हा कंस बरोबर असूनही रेषा मोजल्यावर थोडी कललेली निघाली, तर आधी कंसाची त्रिज्या पाहावी. इवलासा कंस असेल तर ती हाताची चूक आहे, समजुतीची नाही, आणि गुण कापताना हा फरक केलाच पाहिजे.

उलट प्रकारही घडतो. गुण्या त्रिज्येला लावून आधी काटकोनात रेषा ओढायची आणि मग कंस सजावटीसारखे काढायचे. अशी रेषा कोनमापकाला अगदी बरोबर वाटते. कंस मात्र खोटे बोलू शकत नाहीत. कंसाचे केंद्र जिथे असेल तिथे कंपासच्या टोकाने कागदावर बारीक छिद्र पडते, पान तिरपे धरून उजेडात पाहिले की ते दिसते, पाठीमागून बोटालाही जाणवते. र पाशी छिद्र नसेल तर स ची खूण र वरून झालेलीच नाही. खोडरबराने पुसलेली रेषाही याच उजेडात दिसते, कारण पेन्सिलीने दाबलेला चर पुसला जात नाही. ‘आकृती स्वच्छ ठेवा, जादा रेषा पुसा’ ही सूचना मला म्हणूनच घातक वाटते. चित्रकलेच्या वहीत ती शोभेल. रचनेत पुसलेली रेषा म्हणजे उत्तरातून गाळलेली पायरी.

विद्यार्थ्याला स्वतःचे उत्तर पडताळायचे असेल तर? केंद्र वापरायचे नाही, म्हणून बरेच जण थांबतात. पण केंद्राशिवायही पडताळा घेता येतो. क वर टोक ठेवून ३ सेमी त्रिज्येने वर्तुळाला दोन्हीकडे छेदावे. त्या दोन बिंदूंना जोडणारी जीवा साधारण ५.४ सेमी भरते आणि ती क मधल्या स्पर्शिकेला समांतर असलीच पाहिजे. दोन्ही टोकांपासून स्पर्शिकेचे लंबांतर मोजावे. रेषा ४ अंशांनी कललेली असेल तर या दोन लंबांतरांत जवळजवळ ४ मिमीचा फरक पडतो. वर्तुळाशी अजिबात न दिसलेली चूक इथे साध्या मोजपट्टीवर सापडते.

हा पडताळा मुलांनी फिक्या रेषेत काढून तसाच ठेवावा. तपासणाऱ्यांनीही त्याला ‘अनावश्यक रेषा’ म्हणून लाल फुली मारू नये. तो दिसला तर कंसांइतकाच वेळ देऊन तो वाचावा.