फोटोखालच्या चार ओळी

संध्याकाळच्या फिरण्याचा फोटो, मागे शहराचे दिवे आणि खाली चार ओळी, असं आता मराठी फोनवर रोज पाहायला मिळतं. चार ओळींची ही सवय आपल्याला फोनच्या आधीपासून आहे. चंद्रशेखर गोखले यांच्या ‘मी माझा’ने चारोळी घराघरात नेली, आणि 1990च्या दशकात कितीतरी मुलामुलींनी वहीच्या शेवटच्या पानावर चारोळ्या लिहिल्या. त्या कागदावर एकट्या उभ्या असत. आजची चारोळी फोटोला लागून येते आणि वाचणारा आधी फोटो पाहतो. हा फरक लिहिणाऱ्याने मनावर घ्यायला हवा, असं मला कळकळीने वाटतं. डोळ्यांनी जे आधीच पाहिलं ते ओळींनी पुन्हा सांगितलं, तर चारातल्या दोन ओळी तिथेच वाया जातात.

एक उदाहरण घेऊ. मरीन ड्राइव्हचा फोटो आहे. नरिमन पॉइंटला काम करणाऱ्या एका तरुण मैत्रिणीने तो नोव्हेंबरअखेर काढला. आकाश अजून गडद निळं आहे, रस्त्यावरचे दिवे लागलेले आहेत, कठड्यावर माणसं बसली आहेत. त्या दिवसांत मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पुढची वीसेक मिनिटंच आकाशाचा उजेड आणि दिव्यांचा उजेड एकमेकांच्या जवळ असतो, आणि तेवढ्याच वेळात फोटोत निळं आकाश आणि पेटलेले दिवे दोन्ही येतात. त्याआधी दिवे फिके दिसतात, त्यानंतर आकाश काळं पडतं. हाच फोटो जूनमध्ये हवा असता तर साडेसातपर्यंत थांबावं लागलं असतं. तिने खाली पहिल्यांदा लिहिलं ते असं:

शहर सारे उजळले, दिव्यांची ही आरास,
शांत अशा संध्याकाळी तुझाच होतो भास.
पावले ही चालती, मन मात्र थांबे,
जीवनाचा हा प्रवास असाच लांबे लांबे.

लिहिणारीचं मन खोटं नाही. ओळी मात्र तिच्या नाहीत. पहिली ओळ फोटोतच आहे. दुसरीतला ‘भास’ ‘आरास’ला यमक हवं म्हणून आला आणि सोबत एक ‘तू’ घेऊन आला. त्या संध्याकाळी ती कोणाचीही आठवण काढत नव्हती, हे तिनेच सांगितलं. चौथी ओळ उपदेशाकडे झुकते, कारण चारोळीचा शेवट काहीतरी मोठं सांगून करायचा असतो, अशी समजूत पक्की बसली आहे. आणि ‘शांत’ हा शब्द तर मरीन ड्राइव्हवर सहा-साडेसहाला टिकतच नाही. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गाड्यांची रांग असते. चारोळी तपासायची एक खूण मी सांगेन. ती दुसऱ्या कुठल्याही शहराच्या फोटोखाली नेऊन ठेवा. तिथेही ती तितकीच शोभली, तर ती अजून लिहून झालेली नाही.

मरीन ड्राइव्हच्या फोटोखाली ‘राणीचा हार’ हमखास येतो, त्याबद्दलही बोलायला हवं. हार दिसतो तो उंचावरून, मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कसारख्या जागेवरून. फुटपाथवर चालणाऱ्याला दिसते खांबांची रांग, पुढे जात दूरवर डोंगराच्या पायथ्याकडे वळणारी. चालताना काढलेल्या फोटोखाली हार लिहिला की नजर उसनी होते. ‘सोनेरी दिवे’ हे शब्दही जपूनच वापरावेत. 2015मध्ये तिथले पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा मुंबईकर चिडले, वाद कोर्टापर्यंत गेला आणि पुढे उबदार छटेचे दिवे परत आले. लोकांचा त्या रंगावर इतका जीव आहे. शिवाय फोनचा कॅमेरा उजेडाचा रंग स्वतःच्या हिशेबाने सुधारतो, त्यामुळे पडद्यावरचा पिवळा आणि डोळ्यांनी पाहिलेला पिवळा एकच असेल असं नाही. रंग फोटोवर सोडावा.

मग ओळींना काय उरतं? फोटोत जे येऊच शकत नाही ते सगळं: आधी काय झालं, नंतर काय झालं आणि चालण्यासाठी काय सोडलं. मी मैत्रिणीला एवढंच विचारलं, “त्या दिवशी घरी कशी गेलीस?” तिचं उत्तर मला चारोळीपेक्षा कितीतरी मोलाचं वाटलं. ती बोरिवलीला राहते. रोज चर्चगेटला गाडी पकडते, कारण गाडी तिथूनच सुटते आणि लवकर चढलं तर खिडकीची जागा मिळते. त्या दिवशी ती स्टेशनकडे वळलीच नाही. समुद्राच्या कडेने अडीच-तीन किलोमीटर चालत चर्नी रोडला गेली. तिथे येईपर्यंत गाडी भरलेली असते, हे तिला माहीत होतं. बोरिवलीपर्यंत ती उभी होती.

हे घेऊन आम्ही पुन्हा बसलो. चारोळीत बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक जुळतं आणि तिसरी मोकळी राहते. रुबाईतही तिसरी ओळ यमकातून सुटलेली असते, आणि वळण घ्यायला ती मोकळीक फार उपयोगी पडते. तिसऱ्या ओळीत काहीतरी घडलं पाहिजे, म्हणजे चौथीला उपदेश करावा लागत नाही. या वेळच्या पहिल्या प्रयत्नात तिने तिसऱ्या ओळीत समुद्राचा वारा आणला. तो आम्ही काढला, कारण वारा आला की ती का चालली याचं कारणच सांगून होतं, आणि कारण सांगायला वर फोटो आहे. शेवटी हे उरलं:

चर्चगेटला खिडकी मिळते,
तरी चालत निघाले;
चर्नी रोडला गाडी फुल्ल,
उभ्यानं घरी आले.

मात्रा मोजल्या तर 16, 12, 16, 12 भरतात. आम्ही मोजत बसलो नव्हतो. मोठ्याने वाचताना जिथे जीभ अडखळली तिथे शब्द बदलला. आधी तिसऱ्या ओळीच्या शेवटी ‘भरलेली’ होतं आणि ते लांबत होतं. ‘फुल्ल’ हा डब्यातल्या माणसांचाच शब्द, तो बरोबर बसला. ‘निघाले–आले’ हे यमक साधं आहे, पण त्याने अर्थाला ओढून आणलेलं नाही.

या ओळींत दिवे नाहीत, समुद्र नाही, संध्याकाळही नाही. ही तिन्ही फोटोत आहेत. जागा मिळत असताना माणूस चालत का जातो, हा प्रश्न ओळींनी उभा केला आणि उत्तर फोटोवर सोपवलं. फोटो काढून घेतला तर ओळी अर्धवट वाटतील, ओळी काढल्या तर तो हजारांतला एक फोटो होईल. पुस्तकातल्या चारोळीला आपल्या पायावर उभं राहावंच लागतं. फोटोखालच्या चारोळीने फोटोवर रेलायला हरकत नाही.

याला एक मर्यादा आहे. ज्याने चर्चगेटची संध्याकाळ पाहिली नाही, त्याला खिडकीची किंमत कळणार नाही. मैत्रिणीच्या नागपूरच्या मावशीला ती कळली नाही आणि तिने फोन करून विचारलं. म्हणून ओळींत स्पष्टीकरण घालावं, असं मला वाटत नाही. ‘गर्दीच्या वेळी जागा दुर्मीळ असते’ असं लिहिलं की ओळ मरते. विचारणाऱ्याला सांगता येतं, आणि सांगताना ती संध्याकाळ पुन्हा बोलली जाते.

तुमच्याही फोनमध्ये असे फोटो पडून असतील. त्यातला एक काढा, आणि यमक शोधण्याआधी त्या संध्याकाळी तुम्ही घरी कसे पोहोचलात ते आठवून लिहा.